वाटी, तांब्या आणि बादली

गावाकडे एखाद्या आजोबांना विचारून पाहा, "आजोबा, हायब्रीड म्हणजे काय हो?" ते चटकन म्हणतील, "ज्वारी!" बरोबरच आहे त्यांचं. १९६० नंतरच्या दशकात आपल्याकडे संकरित ज्वारी आली आणि 'हायब्रीड' हा शब्द महाराष्ट्रातल्या शेतांत रुजला. दोन वेगळ्या वाणांचा संकर करून तयार केलेलं ते बियाणं होतं.

आता हाच शब्द मोटारींच्या पाठीमागे लिहिलेला दिसतो. तिथेही अर्थ तोच, संकर. मात्र इथले आई-बाप आहेत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. एकाच गाडीत दोघंही असतात आणि चाकं फिरवायचं काम वाटून घेतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. 'हायब्रीड' लिहिलेल्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असल्या, तरी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकीत मोटर नुसती मदतनीस असते. दुसरीत ती इंजिन बंद ठेवून एकटी गाडी हाकते. तिसरीला तर रात्री घरच्या प्लगला जोडून ठेवावं लागतं. यांना अनुक्रमे माइल्ड हायब्रीड, फुल हायब्रीड आणि प्लग-इन हायब्रीड म्हणतात. फुल हायब्रीडला आपल्याकडे 'स्ट्राँग हायब्रीड' असंही म्हणतात. घरात नवी गाडी घ्यायची चर्चा चालली असेल, तर हा फरक आई-बाबांनाही कामाला येईल, कारण या तीन प्रकारांच्या किमतीत लाखांचा फरक पडतो.

तीन भांडी

फरक समजायला आपण एक सोपी युक्ती करू. तुमच्या घरच्या वीजबिलावर 'युनिट' असतं ना? एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. आता वीज म्हणजे पाणी आहे असं समजा, आणि एक वॉट-तास म्हणजे एक मिलीलीटर पाणी. म्हणजे एक युनिट वीज झाली एक लिटर पाणी. मग गाडीतली बॅटरी म्हणजे काय? पाणी साठवायचं भांडं!

उदाहरणादाखल मारुतीची ग्रँड विटारा घेऊ. २०२२ साली ही गाडी बाजारात आली ती दोन्ही रूपांत, माइल्डही आणि फुलही. बाहेरून बघितलं तर गाडी तीच. पण माइल्ड हायब्रीडमधल्या खास बॅटरीत मावते जेमतेम ७० वॉट-तास वीज. म्हणजे एक छोटीशी वाटी. फुल हायब्रीडच्या बॅटरीत मावते सुमारे ७६० वॉट-तास. म्हणजे एक तांब्या. आणि प्लग-इन? त्यासाठी टोयोटाच्या प्रियसकडे जाऊ. १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रियस आली ती फुल हायब्रीड होती. तिच्या २०२३ च्या प्लग-इन अवतारात बॅटरी आहे १३,६०० वॉट-तासांची. म्हणजे साडेतेरा लिटरची चांगली मोठी बादली!

वाटी, तांब्या, बादली. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. पण निम्मंच बरं का! कारण भांडं केवढं आहे याच्याइतकंच महत्त्वाचं आहे, त्यात पाणी येतं कुठून आणि किती वेगाने.

ब्रेक दाबला की काय होतं?

पुण्यातल्या कर्वे रस्त्याने गाडी चालली आहे असं समजा. माणसं धरून वजन १४०० किलो, वेग ताशी ४० किलोमीटर. समोर सिग्नल लाल झाला. साध्या गाडीत ब्रेक दाबला की ब्रेकच्या पट्ट्या चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घट्ट धरतात. घर्षण होतं, चकती तापते आणि गाडी थांबते. गाडीच्या अंगात असलेली सगळी गतिज ऊर्जा उष्णता होऊन हवेत गेली. ती किती होती? विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र वापरा : वस्तुमानाचं निम्मं, गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येईल सुमारे ८६ हजार ज्यूल, म्हणजेच २४ वॉट-तास. आपल्या भाषेत २४ मिली पाणी दर सिग्नलला रस्त्यावर सांडलं. आणि ती ऊर्जा मुळात पेट्रोल जाळूनच मिळवली होती!

हायब्रीड गाडी हे पाणी पकडते. विजेच्या मोटरचा एक छान गुण आहे. तिला वीज दिली की ती फिरते, आणि तिलाच बाहेरून फिरवलं की ती जनित्र होऊन वीज देते. ब्रेक दाबल्यावर चाकं मोटरला फिरवतात, वीज बॅटरीत जाते आणि मोटर फिरवायला जोर लागत असल्यामुळे गाडीचा वेगही कमी होतो.

आता तुम्ही म्हणाल, "मग माइल्ड हायब्रीडसुद्धा सगळं पाणी पकडेल की! वाटीत ७० मिली मावतं, सिग्नलला तर २४ मिलीच सांडतं." प्रश्न अगदी बरोबर आहे. पण इथे अडचण वाटीची नाही, नरसाळ्याची आहे.

बाटलीत रॉकेल किंवा तेल ओतताना नरसाळं बारीक असेल तर काय होतं? कितीही घाई केली तरी धार बारीकच पडते, जास्तीचं बाहेर सांडतं. मोटरची ताकद म्हणजे हे नरसाळं. माइल्ड हायब्रीडची मोटर असते दोन-तीन किलोवॉटची. ती एका पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असते. सिग्नलला थांबायला समजा १० सेकंद लागले, तर एवढ्या वेळात तीन किलोवॉटच्या नरसाळ्यातून फार तर ८ वॉट-तास आत जातील. बाकीची ऊर्जा ब्रेकमध्ये आणि इंजिनाच्या घर्षणात गेली. फुल हायब्रीड ग्रँड विटाराची मोटर आहे ५९ किलोवॉटची. नरसाळं एवढं रुंद की तिला ही धार सहज पेलते. टायर, हवा, मोटर आणि बॅटरी आपापला वाटा खातात तो सोडला, तरी २४ पैकी १५ च्या आसपास पुन्हा कामाला येतात.

कोथरूड ते स्वारगेट असा सात-आठ किलोमीटरचा रस्ता आणि वाटेत १५ वेळा थांबावं लागलं असं धरा. फुल हायब्रीडने १५ गुणिले १५, म्हणजे सव्वादोनशे वॉट-तास वाचवले. तेवढं काम इंजिनाकडून करून घ्यायचं तर साधारण अर्धा कप पेट्रोल जाळावं लागलं असतं. अख्ख्या प्रवासाला साध्या गाडीला लागतं सुमारे अर्धा लिटर. त्यातला अर्धा कप म्हणजे काही थोडंथोडकं नाही.

इंजिनाला झोपू द्या

फुल हायब्रीडची दुसरी कमाई याहून मोठी आहे. पेट्रोलचं इंजिन हा जरा विचित्र कामगार आहे. भरपूर काम दिलं की तो मन लावून करतो, पेट्रोलमधल्या शंभरातली ३५-४० भाग ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतो. पण गर्दीत रांगत रांगत गाडी चालली की त्याचा आळस सुरू होतो. शंभरातले दहा-पंधरा भाग कामाला येतात, बाकी वाया. आणि सिग्नलला नुसता गुरगुरत उभा असेल तर सगळंच वाया.

तिन्ही प्रकारच्या हायब्रीड गाड्या सिग्नलला इंजिन बंद करतात. पण फरक दिसतो सिग्नल हिरवा झाल्यावर. माइल्डमध्ये पट्ट्याची मोटर इंजिनाला लगेच, फारसा आवाज न करता जागं करते आणि निघताना थोडा हातभार लावते. गाडी ओढायची मात्र इंजिनानेच. ढकलगाडीला मागून छोट्या भावाने हात लावावा, तशी ही मदत. तो हात काढला तरी गाडी चालेल, पण तो एकटा ती ढकलू शकणार नाही.

फुल हायब्रीडमध्ये सिग्नल हिरवा झाला तरी इंजिन झोपलेलंच असतं. गाडी निघते ती मोटरवर, आवाज न करता. वेग वाढला किंवा चढ आला की मग इंजिन उठतं, आणि उठलं की त्याला भरपूर काम दिलं जातं. चाकांना लागते त्याहून जास्त ताकद तयार झाली तर उरलेली वीज बनून तांब्यात जाते. तांब्या भरला की इंजिन पुन्हा झोपतं. आळशी कामगाराकडून कमी वेळ, पण मन लावून काम करून घ्यायची ही युक्ती आहे.

मात्र तांब्या तो तांब्याच. शिवाय बॅटरी दीर्घकाळ टिकावी म्हणून गाडी तो कधी तळापर्यंत रिकामा करत नाही आणि काठोकाठ भरतही नाही. त्यामुळे इंजिन अजिबात न लावता सलग जाता येतं ते दोन-तीन किलोमीटरच. मग इंजिन उठून तांब्या भरणारच.

आणि एक गोष्ट विसरू नका. माइल्ड असो की फुल, बॅटरीतली झाडून सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. बाहेरून एक थेंबही येत नाही. 'आपोआप चार्ज होणारी गाडी' असं जाहिरातीत वाचलं तर फुकट वीज मिळते असं समजू नका. सांडलेलं पाणी परत उचललं, एवढंच.

बादली भरायची कोणी?

प्लग-इनची गोष्ट इथेच वेगळी होते. तिच्या बादलीला बाहेरचा नळ जोडता येतो. घरात गीझरसाठी असतो तसल्या १५ अँपिअरच्या प्लगमधून सुमारे तीन किलोवॉटने वीज घेतली तर साडेतेरा युनिटची बादली साधारण पाच तासांत भरते. रात्री लावा, सकाळी तयार. अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत ही प्रियस एका चार्जिंगवर सुमारे ७० किलोमीटर नुसत्या विजेवर गेली. म्हणजे कोथरूड ते स्वारगेट रोज दोन-तीन फेऱ्या मारल्या तरी पेट्रोलचा थेंब लागणार नाही. बादली रिकामी झाली की गाडी थांबत नाही. ती फुल हायब्रीडसारखी वागू लागते.

पण बादली भरलीच नाही तर? मग ही गाडी म्हणजे रिकामी बादली पाठीवर घेऊन फिरणारा माणूस! बॅटरीचं जादा वजन वाहायचं आणि वर पेट्रोल जाळायचं. हे नुसतं बोलणं नाही. २०२१ साली युरोपात नोंदलेल्या प्लग-इन गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती इंधन जळतं, याची आकडेवारी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केली. प्रयोगशाळेतल्या चाचणीत जेवढा कार्बन डायऑक्साइड दिसला होता, त्याच्या सरासरी साडेतीन पट रस्त्यावर निघत होता. मोठं कारण हेच, की चाचणीत धरलं होतं तितक्या वेळा लोक गाडी चार्जिंगला लावत नव्हते. तेव्हा ज्यांच्या इमारतीत गाडी उभी करायच्या जागी प्लग नाही, त्यांनी प्लग-इन घेण्याआधी दहादा विचार करावा.

घाटात तांब्या भरतो तेव्हा

आता लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतरू. उतार आहे सुमारे साडेपाचशे मीटर. आपली १४०० किलोची गाडी एवढी खाली येताना २१०० वॉट-तास ऊर्जा मोकळी होते. म्हणजे दोन लिटरहून जास्त पाणी! जवळजवळ निम्मं वारा आणि टायर खातात. तरी लिटरभर उरतं, आणि आपल्या तांब्यात तर मुळात निम्मीच जागा मोकळी होती.

म्हणून होतं असं की घाटात मध्येच तांब्या भरतो आणि मोटर आणखी वीज घेऊ शकत नाही. मग गाडी एक चमत्कारिक गोष्ट करते. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन जोरात घुमायला लागतं. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलं! पण बिघाड नसतो. इंजिनात पेट्रोल जात नसतं, ते नुसतं फिरवून त्याचा अडथळा गाडीला रोखायला वापरलेला असतो. त्याच वेळी बॅटरीचा काटा भरलेला दिसला, तर समजावं की तांब्या भरला आहे. ब्रेक न तापवता उतरण्यासाठी हे चांगलंच असतं.

याच्या उलट, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात एकसारख्या वेगाने गाडी चालली तर ब्रेक लागतच नाही आणि इंजिनालाही भरपूर काम असतं. मग सांडणारं पाणीच नाही, पकडणार काय? म्हणून हायब्रीडचा फायदा गर्दीच्या शहरात जास्त आणि मोकळ्या महामार्गावर कमी.

आई-बाबांसाठी थोडा हिशेब

२०२२ च्या ग्रँड विटाराचे प्रमाणित आकडे असे होते : माइल्ड हायब्रीड, हाताने गिअर बदलायची, एका लिटरला २१.११ किलोमीटर. फुल हायब्रीड, २७.९७ किलोमीटर. आता १०,००० किलोमीटरला किती पेट्रोल लागेल ते भागाकार करून काढा. पहिलीला सुमारे ४७४ लिटर, दुसरीला ३५८. बचत ११६ लिटरची. हिशेबाच्या सोयीसाठी लिटरचे १०० रुपये धरले तर ११,६०० रुपये.

फुल हायब्रीडसाठी जितके लाख जास्त मोजले, तितक्या वेळा १ लाखाला ११,६०० ने भागा. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्या घराला दर एक लाख वसूल व्हायला साडेआठ वर्षं लागतील. पण वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्याला तीन वर्षंही लागणार नाहीत. शहरातल्या गर्दीत बचत याहून जास्त होते, महामार्गावर कमी. तेव्हा 'हायब्रीड चांगली का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. गाडी किती आणि कुठे फिरणार, हे आधी विचारायला हवं.

ओळखायची कशी?

रस्त्यावरची गाडी कोणत्या प्रकारची, हे तुम्हीही ओळखू शकता. गाडीला पेट्रोलच्या झाकणाशिवाय चार्जिंगचं आणखी एक झाकण असेल तर ती प्लग-इन. ते नाही, पण गाडी जागेवरून निघताना इंजिनाचा आवाज नाही, तर ती फुल हायब्रीड. सिग्नलला गप्प, पण निघताना मात्र इंजिन लगेच सुरू झालं, तर बहुधा माइल्ड. हल्ली काही साध्या गाड्याही सिग्नलला इंजिन बंद करतात, त्यामुळे इथे पाठीमागचं नावही वाचावं.

एक सावधगिरी मात्र हवी. फुल आणि प्लग-इन गाड्यांत बॅटरीचा दाब शेकडो व्होल्टचा असतो. त्या वीजवाहिन्यांना मुद्दाम नारिंगी रंग दिलेला असतो. बॉनेट उघडलेलं असताना नारिंगी तार दिसली तर हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे, अशी गाडी बंद दिसली तरी चालू असू शकते. चालकासमोर 'READY' अशी अक्षरं उजळली असतील तर ॲक्सिलरेटर दाबताच ती आवाज न करता पुढे येईल. म्हणून गाडी गप्प उभी आहे म्हणून तिच्यापुढे खेळायला जाऊ नका.

डोकं चालवा

एक कुटुंब प्लग-इन हायब्रीड घेऊन लोणावळ्याला मुक्कामाला आहे. सकाळी घाट उतरून खोपोलीला जायचं आहे. रात्री बादली काठोकाठ भरून ठेवणं शहाणपणाचं, की थोडी रिकामी ठेवणं?

(उत्तर : थोडी रिकामी ठेवणं. बादली भरलेली असेल तर घाटात मिळणारं पाणी ठेवायला जागाच उरणार नाही. लिटरभर, म्हणजे एखादं युनिट जागा ठेवली तरी पुरे. तेवढी वीज घाटच भरून देईल.)